क्रिएटिन आणि सर्किट: विश्रांती किती, त्यावर सगळं

लोडिंग न करता रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट चालू आहे. अशा पद्धतीत स्नायूंतला साठा भरायला ३-४ आठवडे लागतात, म्हणून तेवढ्या काळातल्या नोंदी तुलनेत धरलेल्या नाहीत.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसला तो एअर बाइकवर. १० सेकंद पूर्ण जोर, ५० सेकंद अगदी सावकाश पेडल, असे १० राउंड. आधी पहिल्या स्प्रिंटला ६०० वॅट असले तर शेवटच्याला ४५० उरायचे, म्हणजे ७५ टक्के. आता ६१० वरून ४८८, म्हणजे ८० टक्के. पहिला आकडा जवळपास तोच आहे, घसरण मात्र उशिरा सुरू होते. यात सरावाचाही वाटा असणार, सगळं श्रेय पावडरला देणार नाही. पण कारण पटण्यासारखं आहे. अशा छोट्या स्फोटात स्नायूंत साठलेलं फॉस्फोक्रिएटिन झटपट एटीपी, म्हणजे स्नायूंचं थेट इंधन, बनवून देतं आणि विश्रांतीत पुन्हा भरतं. निम्मं भरायला साधारण अर्धा मिनिट, पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. ५० सेकंदांत बराचसा साठा परत येतो, आणि साठा मुळातच मोठा असेल तर पुढच्या स्प्रिंटला हाताशी जास्त उरतं.

आता नेहमीचं सर्किट बघा: ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती. गॉब्लेट स्क्वॉट, बर्पी, केटलबेल स्विंग, माउंटन क्लायंबर, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं थांबा. इथे स्क्वॉटचे एक-दोन रेप वाढले, बाकी तीन स्टेशनांवर काहीच नाही. स्क्वॉट दोन मिनिटांच्या थांब्यानंतर लगेच येतो, तेव्हा टाकी बरीचशी भरलेली असते. पुढे २० सेकंदांत निम्मीही भरत नाही. शिवाय ती भरायलाही ऑक्सिजनच लागतो आणि आपण तर धापा टाकत असतो. ४० सेकंदांतला बराचसा भार ग्लायकोलिसिस, म्हणजे साखर तोडून मिळणारी ऊर्जा, आणि श्वासावरच जातो. म्हणून क्लासमध्ये धाप कमी लागेल किंवा हार्ट रेट खाली येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. रोइंगच्या ४ मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये मला शून्य फरक दिसला.

बर्पीत तर किंचित तोटाच होऊ शकतो. स्नायूंत पाणी धरल्यामुळे वजन साधारण किलोभर वाढलंय आणि प्रत्येक बर्पीला तेही उचलावं लागतं. बाइकवर त्याचा त्रास नाही, कारण वजन सीटवर असतं. (रक्ततपासणी करायची असेल तर डॉक्टरांना क्रिएटिनबद्दल आधी सांगा, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं.)

पुढच्या टप्प्यात डोस तोच ठेवतोय, सर्किट बदलतोय. जड स्विंग १५ सेकंद आणि विश्रांती ७५ सेकंद, हा वेगळा ब्लॉक सुरुवातीला. ४०/२० त्यानंतर, निव्वळ दमासाठी. नोंद फक्त पहिल्या आणि शेवटच्या राउंडच्या रेपची ठेवेन.