पान उजेडाकडे धरा, मग फोटो काढा: केळीचे रोग फोटोवरून ओळखताना

"भाऊनु, पाना बारीक येतत. झिंक मारूक व्हया काय?"

वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीतून चतुर्थीनंतर हा निरोप आला, सोबत पाच फोटो. नारळांच्या मधून सफेद वेलचीच्या साठेक केळी, कुंपणाच्या कडेला थोड्या बसराई. विचारणाऱ्याच्या मते सगळ्या वाडीला एकच दुखणं होतं. फोटोंत मात्र तीन दिसत होती आणि तिघांवरचे उपाय एकमेकांशी जुळणारे नव्हते.

त्यातला करपा पटकन बाजूला काढता आला. बसराईच्या पानावर शिरांच्या दिशेने लांबट ठिपके होते, मधे राखाडी, भोवती पिवळी कडा. शेंड्याच्या न उलगडलेल्या पोंग्याजवळची पानं स्वच्छ आणि खालची करपलेली. पावसाळ्यात दाट लागवडीत सिगाटोका, म्हणजे हाच करपा, असाच दिसतो. पिवळा की काळा हे ठरवायचं तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो लागतात, कारण पिवळ्याची पहिली फिकट रेघ पानाच्या वरच्या अंगाला उठते आणि काळ्याची तपकिरी रेघ खालच्या. ठिपके मोठे होऊन एकमेकांत मिसळल्यावर हा फरक पुसला जातो, म्हणून फोटो कोवळ्या रेघेचाच हवा. इथे तेवढ्यासाठी अडून बसण्यात अर्थ नव्हता. करपलेला भाग कापून वाडीबाहेर न्या, बुडातून फुटणारे मुनवे कमी करा, पाणी साचू देऊ नका, एवढं सांगून पुढे गेलो.

खरी अडचण दुसऱ्या फोटोत होती. हातभर उंचीवरून काढलेली वेलचीची एक केळ: पानं अरुंद, ताठ, शेंड्याशी गोळा झालेली, कडा पिवळट. असा फोटो पाहिला की 'पर्णगुच्छ' या विषाणूच्या रोगाचं नाव तोंडावर येतंच. पण या एका फोटोवर मी कधीच निकाल देत नाही. मुळं सडली किंवा आळ्यात पाणी तुंबलं, तरी पानं अशीच गळ्याशी दाटतात. जस्त कमी पडलं तर नवी पानं अरुंद आणि टोकदार येतात. शेजारच्या भातात तणनाशक मारलं आणि वारा इकडचा असला, तरी पोंगा वेडावाकडा निघतो. आणि घड पडायच्या आधी शेवटची दोन-तीन पानं लहान, आखूड देठाची येतात, तो तर केळीचा स्वभावच आहे. गोळा झालेला शेंडा संशय घेण्यापुरता ठीक, निकालाला अपुरा.

निकाल लागतो तो पानाच्या पाठीवर. तेव्हा फोटो कसा हवा ते लिहून पाठवलं. पोंगा सोडून वरून दुसरं किंवा तिसरं, पूर्ण उलगडलेलं पान घ्यायचं. सकाळी ऊन तिरपं असताना ते उजेडाकडे धरायचं, म्हणजे उजेड पानातून आरपार येईल, आणि खालच्या बाजूने फोटो काढायचा. फ्लॅश बंद. फोन वीतभर अंतरावर, आणि मधली जाड शीर व तिच्या बाजूची चार बोटं जागा एवढंच चौकटीत. सगळं पान घेतलं तर हवी ती खूण दिसेनाशी होते. दुसरा फोटो देठाच्या बुडाचा. तिथे पांढरी पावडर असते, ती अंगठ्याने पुसून मगच फोटो काढायचा. आणि पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक रेघा हिरव्या डागात विरघळून जातात. अर्धे चुकीचे निकाल या एका गोष्टीमुळे लागतात असं माझं मत झालंय.

पहिल्या खेपेला पावडर तशीच होती आणि देठ नुसता पांढरा दिसत होता. दुसऱ्या खेपेला पुसलेल्या जागी गडद हिरव्या रेघा आल्या, तुटक तुटक, लांबीच्या दिशेने. पानाच्या फोटोत बारीक शिरांवर तसेच गडद ठिपके आणि छोट्या रेघा होत्या, तारेच्या कडकट्टसारख्या: ठिपका, रेघ, ठिपका. मधल्या शिरेजवळ त्या रेघा खाली वळून आकड्यासारख्या आत शिरत होत्या. हा आकडा दिसला की मी बाकीच्या शंका सोडतो. जस्ताच्या कमतरतेत पट्टे फिके असतात, गडद नसतात. पानावर पट्टे पाडणारे केळीचे दुसरे विषाणूही आहेत, पण त्यांच्या रेघा पिवळ्या असतात आणि त्यातल्या एकाच्या पुढे तपकिरी-काळ्या होतात. हिरव्यावर अधिक गडद हिरवं, ही खूण पर्णगुच्छाचीच. नारळाच्या सावलीत पान मुळातच गडद असतं, म्हणून समोरून पडणाऱ्या उजेडात हे दिसत नाही, आरपार उजेडातच दिसतं.

यावर औषध नाही. विषाणू मुनव्यातून उतरतो आणि केळीवरचा काळपट मावा तो पसरवतो. कोयत्याने पसरत नाही, त्यामुळे चतुर्थीला जेवणाची पानं कापली म्हणून रोग वाढला ही विचारणाऱ्याची भीती निराधार होती. पण पूजेला बांधायचे खांब ही वेगळी बाब आहे. मावा जुन्या सोपटांच्या आत, खोडाच्या बुडाशी आणि पोंग्यात दडून बसतो. रोगट केळीचा खांब एका वाडीतून दुसऱ्या घरी गेला की मावाही सोबत जातो आणि खांब वाळायला लागला की जवळची केळ शोधतो. त्या वाडीतून दोन खांब शेजारी गेलेले होते.

म्हणून त्या केळीच्या भोवतालच्या आठ केळींचे फोटो मागवले, दिसायला निरोगी असल्या तरी. आठांतल्या दोघींच्या पानावर ठिपके-रेघा सापडल्या. दोघींचा शेंडा अगदी मोकळा, पानं रुंद. दुरून पाहणाऱ्याने त्या निरोगी म्हणून सोडून दिल्या असत्या. माव्याने विषाणू घातल्यापासून खुणा दिसेपर्यंत महिना ते तीन महिने जाऊ शकतात आणि नवीन येणारी पानंच ती दाखवतात. तेव्हा उरलेल्या सहांबद्दल "आज खूण नाही" एवढंच म्हणता येतं. त्यांचे फोटो दर पंधरा दिवसांनी, किमान तीन महिने.

पाचवा फोटो वेगळ्याच केळीचा, वाडीच्या खालच्या अंगाला, जिथे पन्हळाचं पाणी उतरतं. जुनी पानं कडेकडून पिवळी होऊन देठाशी मोडलेली, खोडाभोवती परकरासारखी लोंबणारी, आणि मधलं पान मात्र ताठ. वेलचीवर हे दिसलं की मर या बुरशीच्या रोगाचा विचार आधी करावा लागतो. फोटोत आणखी एक अडचण होती: सणाला पानं कापल्यामुळे पिवळेपणा खालून वर चढला की कसा, हे मोजायला पानंच नव्हती. म्हणून बुडाचा फोटो मागवला. बाहेरची सोपटं उभी चिरलेली दिसली.

तरीही खोड कापून आत पाहिल्याशिवाय मर म्हणू नये. कलिंगड पारखायला त्रिकोणी फोड काढतात, तशी जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाला फोड काढायला सांगितली, आणि कॅमेरा आधी उघडून ठेवायला. केळीचा ताजा काप पांढरा असतो, पण वाऱ्याला लागला की काही मिनिटांतच तपकिरी पडतो. उशिरा काढलेल्या फोटोवरून निरोगी केळीलाही मर ठरवलेलं मी पाहिलंय. त्यांनी लगेच काढलेल्या फोटोत सोपटांच्या आत लालसर तपकिरी ठिपके होते, उभ्या कापात त्याच्या रेघा झाल्या होत्या, आणि मधला गाभा पांढरा होता. रंग धाग्यांत होता, सगळीकडे पसरलेला नव्हता. हीच मर रोगाची खूण.

दोन प्रश्न मात्र तोंडीच विचारावे लागले, फोटोत वास येत नाही आणि केळ हलवून बघता येत नाही. कुजका वास येतो का? ढकलल्यावर बुडाशी मोडते का? दोन्हींना "नाय" आलं, म्हणजे गड्डा कुजवणाऱ्या जिवाणूंचा संशय मागे पडला. खोडावर भोकं आणि डिंकासारखा चिकट स्राव असता, तर सोंडकिडा धरला असता. त्याचे बोगदेही तपकिरी असतात, पण ते पोकळ असतात.

फोटोवरून इथपर्यंतच येता येतं. मरची बुरशी कोणत्या प्रकारची, ही गोष्ट प्रयोगशाळाच सांगते. तिकडे पाठवायचे खोडाचे धागे कागदात गुंडाळून सुकवून द्यायचे. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून सडतात आणि नमुना वाया जातो.

काढण्याचा क्रम दोन्ही रोगांत उलटा आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पर्णगुच्छाच्या केळीला आधी हात लावायचा नाही. पोंगा, देठांचे गळे आणि बुडाची सोपटं साबणाच्या पाण्याने किंवा लेबलवर शिफारस असलेल्या कीटकनाशकाने भिजवायची, मावा मेल्याची खात्री दुसऱ्या दिवशी करायची आणि मगच केळ गड्ड्यासकट, सगळ्या मुनव्यांसकट खणायची. मुनवे निरोगी दिसले तरी ते त्याच गड्ड्याचे. आधी तोडली तर मावा शेजारच्या केळीवर सरकतो आणि आपणच रोग वाटून देतो. मरच्या केळीत मावा हा प्रश्न नाही, माती हा आहे. तिथली माती दुसरीकडे न्यायची नाही, आळ्यातलं पाणी दुसरीकडे वळवायचं नाही, केळ जागच्या जागी उपटून नष्ट करायची, खड्ड्यात एक ते दोन किलो चुना टाकायचा आणि फावडं, कोयता, चपला तिथेच धुवायच्या. त्या खड्ड्यात परत वेलची नको. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते.

वाडीत तिन्ही पर्णगुच्छाच्या केळी या क्रमाने निघाल्या, खांब गेलेल्या शेजाऱ्यालाही कळवलं. तीन आठवड्यांनी एक फोटो आला: खणलेल्या जागी बोटभर कोंब. गड्ड्याचा एक तुकडा मातीत राहिला होता. कोंबाचं पान उजेडाकडे धरून काढलेलं होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेलं, आणि मधल्या शिरेशी आकडे स्पष्ट दिसत होते.