खोट्या लिमिटचं खरं प्रूफ

फर्स्ट इयरच्या पोरांना एप्सिलॉन-डेल्टा शिकवताना मी लिनियर फंक्शनपासूनच सुरू करते, कारण तिथे आकडेमोड जवळजवळ नसतेच, जे काही अवघड आहे ते सगळं व्याख्येत असतं. त्या दिवशी फळ्यावर f(x) = 7 − 4x लिहिलं होतं, x जातोय 3 कडे, लिमिट −5 आहे हे सिद्ध करा. व्याख्या बाजूला लिहून ठेवलेली: दिलेल्या प्रत्येक ε > 0 साठी असा एक δ > 0 सापडला पाहिजे, की 0 < |x − 3| < δ असेल तर |f(x) − (−5)| < ε झालंच पाहिजे.

तर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला −4 पण सिद्ध करता येतंय." वर्ग हसला. मी म्हटलं ये, लिही.

आणि त्याने खरंच लिहिलं. ε = 2 घेऊ, δ = 1/4 घेऊ. मग |f(x) + 4| = |11 − 4x| = |−4(x − 3) − 1|, हे जास्तीत जास्त 4|x − 3| + 1, आणि |x − 3| हा 1/4 पेक्षा लहान, म्हणजे हे सगळं 1 + 1 = 2 पेक्षा लहान. म्हणजेच ε पेक्षा लहान. म्हणून लिमिट −4.

वर्ग गप्प. मी एकेक ओळ तपासायला सांगितली, कुठे चूक आहे दाखवा. पहिल्या बाकावरच्या दोघी तर चिन्हांच्या मागे लागल्या, 11 − 4x चं −4(x − 3) − 1 होतं का म्हणून, आणि होतं, कंस सोडवला की −4x + 12 − 1. आकडेमोडीत काहीच चूक नव्हती. ε = 2 साठी δ = 1/4 खरोखर चालतो. मला तर आवडलंच ते, कारण एरवी पोरं जी चूक पेपरात लपवून करतात ती याने फळ्यावर उघडी मांडली होती.

मी एवढंच म्हटलं, "बरं, ε = 2 तू निवडलास. आता मी निवडते. ε = 1/2. दे मला δ."

त्याने δ = 1/100 दिला. मी x = 3.005 घेतला, f(x) आलं −5.02, −4 पासून अंतर 1.02. दुसऱ्या बाजूने x = 2.995 घेतला, f(x) = −4.98, अंतर 0.98. दोन्ही 1/2 पेक्षा मोठे. तो म्हणाला δ अजून लहान करतो, 1/1000. मी म्हटलं कर, पण बघ काय होतंय, x जेवढा 3 च्या जवळ आणशील तेवढं ते अंतर 1 च्या जवळ जातंय, लहान नाही होत. इथे δ लहान करून काही उपयोग नाही.

हे नुसतं दोन आकडे घालून सांगितलं तर पोरं म्हणतात तुम्ही मुद्दाम तसा x घेतला, म्हणून नीट लिहून दाखवलं. |−4(x − 3) − 1| हे कमीत कमी 1 − 4|x − 3| असतं. x हा 3 पासून 1/8 च्या आत असला की हे 1/2 पेक्षा मोठंच. म्हणजे तू कुठलाही δ दे, मी δ च्याही आत आणि 1/8 च्याही आत असलेला, 3 सोडून एखादा x उचलणार, आणि तुझी अट मोडणार. एकच ε असा सापडला ज्याला δ नाही, की −4 चा दावा संपला.

मग त्याने एक फारच चांगला प्रश्न विचारला, की ε = 2 ला चाललं आणि 1/2 ला नाही तर बिघडतंय नेमकं कुठे? मी त्यालाच म्हटलं, आकडा न घालता ε तसाच ठेवून δ काढ. त्याला 4|x − 3| + 1 हे ε पेक्षा लहान हवं होतं, म्हणून त्याने मांडलं δ = (ε − 1)/4. आणि लिहून झाल्यावर स्वतःच थांबला. ε = 2 घातला की येतो 1/4, त्याचाच मघाचा δ. पण ε = 1 घातला की शून्य, आणि त्याखाली गेलं की ऋण. δ तर धन पाहिजे. ε = 1 ला सुद्धा नाहीच जमत हे आम्ही वेगळं बघितलं, कारण x जरा जरी 3 च्या उजवीकडे गेला की अंतर 1 च्या वर जातं, डावीकडे मात्र 3 च्या जवळ असेपर्यंत चालून जातं. तो (ε − 1) मधला 1 म्हणजे −4 आणि −5 मधलं अंतर. चुकीचं लिमिट घेतलं की जेवढ्याने चुकलंय तेवढं तिथे उरतं, आणि ε त्याच्या खाली उतरला की प्रूफ बसत नाही.

आता −5 घेऊन तेच करा म्हटलं. |7 − 4x + 5| = |12 − 4x| = 4|x − 3|. काहीच उरलं नाही. हे ε पेक्षा लहान हवं तर |x − 3| हा ε/4 पेक्षा लहान हवा, म्हणून δ = ε/4, आणि हा प्रत्येक धन ε साठी धनच.

पण हे रफ वर्क झालं, प्रूफ नाही, आणि यावर मी जरा जास्तच अडून बसते. वर आपण "ε पेक्षा लहान हवं" असं धरून मागे आलो. प्रूफमध्ये जे सिद्ध करायचंय ते धरून चालत नाही, म्हणून उलट दिशेने लिहायचं. कोणताही ε > 0 घ्या. δ = ε/4 घ्या, तो धन आहे. आता 0 < |x − 3| < δ असेल तर |f(x) − (−5)| = 4|x − 3| < 4δ = ε. झालं, एवढंच. ε आधी येतो, त्याला आपण हात लावत नाही, मग त्याच्यावरून δ ठरतो, आणि x सगळ्यात शेवटी. त्या मुलाच्या फळ्यावरच्या प्रूफमध्ये पहिलीच ओळ "ε = 2 घेऊ" होती, खोट तिथेच होती, पुढचं सगळं बरोबर.

एका मुलीने δ = ε/5 घेतला होता आणि शेजारणीने तिला चूक म्हणून सांगितलं होतं. चूक नाही, 4 · ε/5 हे ε पेक्षा लहानच आहे, लहान δ नेहमी चालतो. ε/3 मात्र नाही चालत: ε = 0.12 घ्या, δ येतो 0.04, x = 3.035 घेतला तर तो δ च्या आत आहे, पण f(x) आणि −5 मधलं अंतर 0.14. दुसऱ्या एकाने δ = −ε/4 लिहिलं, कारण उतार −4 आहे ना! अंतरात उताराची फक्त किंमत येते, चिन्ह मॉड्युलसमध्ये जातं.

शेवटी सगळ्यांसाठी mx + c घेतलं, 3 च्या जागी a, लिमिट ma + c. फरक |m||x − a|, म्हणून δ = ε/|m|. घरी करायला m = 0 दिलं. तिथे भागाकार होत नाही आणि गरजही नाही, फंक्शन स्थिर आहे, फरक शून्य, δ = 1 घ्या नाहीतर 1000 घ्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वह्यांत δ = ε/0 होतं, आणि −4 वाल्या पठ्ठ्याने δ = 1000 घेऊन खाली रेघ मारली होती.