सहा महिन्यांनी या

माण तालुक्यातल्या त्या आजी चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या. वय सहासष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. सोबत सून, आणि सुनेच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदू शिबिराचा घडी घातलेला कागद.

"तांदळातला खडा दिसतो मला अजून," आजी बसता बसताच म्हणाल्या. "फक्त दाराची चौकट मधनंच वाकडी दिसती."

दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी खालून दुसरी ओळ वाचली, म्हणजे 6/9. डावा डोळा झाकला तरी तेवढंच. उजवा झाकला तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. डाव्या डोळ्याला 6/24 च्या पुढे काहीच लागेना, आणि दिसलेली अक्षरंही पाण्यात पडल्यासारखी हलत होती. एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचं काम बिनबोभाट करत राहतो. म्हणून मधुमेहाच्या माणसाने घरीसुद्धा अधूनमधून एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी बघाव्यात. ओळ वाकडी दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट बघत बसू नये.

बाहुली मोठी करणारे थेंब दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घातले आणि अर्धा तास बसवलं. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचं धुरकट दिसतं, ऊन सोसत नाही, म्हणून पुष्कळ जण "आज नको" म्हणतात. पण लहान बाहुलीतून डोळ्याच्या आतला पडदा बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून घर बघणं. मधला थोडा भाग दिसतो, कडेला काय चाललंय ते कळत नाही.

डाव्या पडद्याच्या मध्यभागी सूज होती आणि भोवती पिवळे कण साचले होते. स्कॅनमध्ये मध्याची जाडी 438 मायक्रॉन भरली. निरोगी डोळ्यात ती अडीचशेच्या आसपास असते. मला जास्त अस्वस्थ केलं ते मात्र उजव्या, 'चांगल्या' डोळ्याने. त्याच्या चारही भागांत रक्ताचे ठिपके होते, आणि दोन भागांत शिरा एकसारख्या न राहता माळेच्या मण्यांसारख्या फुगल्या-आवळल्या होत्या. मधुमेहाने पडद्याला होणाऱ्या आजाराची ही तीव्र अवस्था, असं आम्ही म्हणतो. यानंतरची पायरी म्हणजे नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवणं. तीव्र अवस्थेतले साधारण निम्मे डोळे वर्षभरात त्या पायरीवर जातात, आणि नजर तोवर 6/9 असू शकते.

मग शिबिराचा कागद उघडला. त्यावर इंग्रजीत तीन शब्दांत पडद्याची मध्यम अवस्था लिहिलेली होती, आणि खाली इंग्रजीतच, सहा महिन्यांनी तपासणी. शिबिरात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि ते काम सुबक झालं होतं. पण पडद्यात असे बदल असताना मोतीबिंदू काढला की सूज वाढू शकते. नेमकी म्हणूनच ती सहा महिन्यांची तारीख महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच आजींना कुणी वाचून दाखवली नव्हती. शिबिरात शस्त्रक्रिया किती झाल्या ते मोजलं जातं. परत किती जण आले, हे मोजायची सवय आपल्याला लागलेली नाही.

पडद्याचा फोटो मोठा करून आजींसमोर धरला. त्यांच्याकडे डाळिंबाला ठिबक होतं, ते कामी आलं. "नळीत क्षार साचले तर काय होतं?"

"तोटी बंद पडती. आणि मागनं जोर आला की नळी कुठंतरी पाझरती."

"तुमच्या डोळ्यातही तेच झालंय. डाव्यात पाझरून मधे चिखल झालाय. उजव्यात तोट्या बंद पडायला लागल्यात. पाणी मिळेना म्हणून पडदा नव्या नळ्या काढायला बघतोय, पण त्या कच्च्या असतात. फुटल्या तर डोळ्यात रक्त पसरतं."

"मग डोळं कवा लाल झालं न्हाईत, दुखलं न्हाईत, असं कसं?"

पडदा दुखत नाही. या आजारात माणूस फसतो तो इथेच.

डाव्या डोळ्याचं ठरवणं सोपं होतं, इंजेक्शन. गेल्या काही महिन्यांत अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका आला नव्हता, हे आधी विचारून घेतलं. भूल देणारे थेंब, मग बेटाडीन, मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर बारीक सुई. काम काही सेकंदांचं असतं. पण औषध साधारण महिनाभरच टिकतं, आणि पाझर पुन्हा सुरू होतो. पहिलं इंजेक्शन घेऊन "बरं वाटतंय" म्हणून थांबलेले रुग्ण वर्षाने पुन्हा येतात तेव्हा मधला पडदा कायमचा पातळ झालेला असतो. सुनेला सांगितलं, पांढऱ्यावर लाल डाग दिसला तर घाबरू नका. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लालबुंद झाला किंवा नजर घसरली, तर त्याच दिवशी या. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

उजव्या डोळ्याचं मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. तीव्र अवस्थेत दोन रस्ते असतात. रुग्ण नक्की येणार असेल तर दोन-तीन महिन्यांनी फोटो काढून लक्ष ठेवायचं. येणार नसेल तर आधीच लेझर करून टाकायचं. म्हणजे उपचार काय करायचा ते डोळ्याबरोबरच एसटीची सोय, सुनेची मजुरी आणि घरातली ओढाताण यांवरही ठरतं. लेझरचा तोटाही असतो. मधला पडदा वाचवायला कडेचा भाजावा लागतो, त्यामुळे बाजूचं आणि अंधारातलं थोडं कमी दिसतं, मधली सूजही वाढू शकते. आजी पहाटे अंधारात गोठ्यात जातात. दोन वर्षं त्या आल्या नव्हत्या, या हिशेबाने त्याच दिवशी लेझर करायला हवं होतं. पण त्या आल्या नव्हत्या कारण त्यांना बोलावलंच गेलं नव्हतं. मी थांबायचं ठरवलं.

कागदावर मराठीत तारीख आणि कारण लिहिलं, फोटोची प्रत जोडली. दर खेपेला सोबत माणूस आणा आणि उपाशी येऊ नका, हेही लिहिलं. रांगेत गोळी घेऊन उपाशी बसलेल्यांची साखर खाली येते. रक्तदाब 168 वर 94 होता आणि तीन महिन्यांची साखर 10.4, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि लघवीतली प्रथिनं बघायला सांगितली. डोळ्याच्या बारीक वाहिन्या अशा झाल्या असतील तर मूत्रपिंडाच्याही तपासायलाच हव्यात.

आजी एकोणतिसाव्या दिवशी आल्या. सूज 352 वर उतरली होती. दुसरं इंजेक्शन दिलं. नवव्या आठवड्यात तिसऱ्यासाठी आल्या तेव्हा डावीकडे 301 होतं आणि चौकट सरळ दिसत होती. उजव्या डोळ्याची नजर तीच, 6/9. पण फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवला तर दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, कडेला केसासारख्या बारीक वाहिन्यांची जाळी आली होती. पहिल्या फोटोत ती नव्हती. रक्तस्राव अजून नव्हता. त्याच आठवड्यात लेझर सुरू केलं, दोन बैठकांत मिळून सुमारे 1,500 ठिपके.

दुसऱ्या बैठकीनंतर आजींनी विचारलं, "ह्या जाळीचं मला कायबी कळलं नव्हतं. तुमाला कसं कळलं?"

मी दोन्ही फोटो पुन्हा शेजारी धरले. त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि जाळीवर बरोबर बोट ठेवलं.

"आता पुढं कवा?"

"चार आठवड्यांनी. मधे काळे धागे तरंगायला लागले किंवा डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी."

सुनेने ते कागदावर लिहून घेतलं.