नफा आहे, मग पगाराला पैसे का नाहीत?

"साहेब, वर्षाअखेर ४२ लाखांचा नफा दाखवलात, मग पगाराच्या तारखेला बँकेत पैसे का नसतात?"

भोसरी-चाकण पट्ट्यातले उद्योजक मला हे वारंवार विचारतात, आणि याचे उत्तर नफा-तोटा पत्रकात सापडत नाही, कारण तेथे विक्रीची नोंद बिल फाडले त्या दिवशी होते, पैसे कधी आले याच्याशी तिचा संबंध नसतो. उत्तर रोख प्रवाह पत्रकात असते. छोट्या कंपन्यांना ते कायद्याने सक्तीचे नसल्याने अनेक मालकांनी ते कधी पाहिलेलेच नसते.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत. वर्षभरात विक्री ४ कोटींवरून ६ कोटींवर गेली आणि ४२ लाख नफा झाला. घसाऱ्याचे १८ लाख खर्चात धरलेले असले तरी ते खिशातून गेलेले नसतात, म्हणून ते नफ्यात परत मिळवले. मग ग्राहकांकडची येणी ८० लाखांवरून दीड कोटी झाली, म्हणजे ७० लाख अडकले. मालाच्या साठ्यात आणखी ३० लाख गेले, आणि पुरवठादारांचे देणे १५ लाखांनी वाढल्याने तेवढा दिलासा मिळाला. व्यवसायातून आलेली रोकड अशा रीतीने उणे २५ लाख निघाली. त्यातच ३५ लाखांचे सीएनसी मशीन घेतले, ज्यासाठी कर्ज मिळाले २५ लाख, आणि जुन्या कर्जाचे १० लाख मुद्दल फेडले. बँकेतले ५० लाख ५ लाखांवर आले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्या ७० लाखांचे विभाजन. विक्री दीडपट झाली, तेव्हा उधारीची मुदत तीच राहिली असती तरी येणी १ कोटी २० लाख झालीच असती. म्हणजे ४० लाख वाढीने खाल्ले आणि ३० लाख वसुलीच्या दिरंगाईने. ही दिरंगाई कुठे होती? ग्राहक कंपनी मुदत बिलाच्या तारखेपासून न मोजता माल तपासून स्वीकारल्याच्या नोंदीपासून मोजत होती, आणि ती नोंद दोन-दोन आठवडे रखडत होती. जीएसटी मात्र बिलानुसारच देय होतो. मार्चच्या बिलावरचा कर ग्राहकाचे पैसे जूनमध्ये येणार असले तरी साधारणपणे २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो.

एखाद्या वर्षी व्यवसायाची रोकड उणे आली म्हणून घाबरू नये. वाढीच्या वर्षात ते घडू शकते. नफा असूनही सलग दोन-तीन वर्षे तसेच होत राहिले, तर मात्र कोणते येणे किती दिवसांपासून थकले आहे याची वयवार यादी काढून त्यातले बुडीत किती हे तपासावे. उलट रोकड अचानक सुधारलेली दिसली, तर ती पुरवठादारांची बिले थकवून तर आलेली नाही ना, हेही पाहावे.

दिरंगाईचे ३० लाख पाठपुराव्याने सुटू शकतात. वाढीचे ४० लाख मात्र विक्री त्याच पातळीवर राहील तोवर अडकूनच राहणार, म्हणून त्यांची सोय, बँकेची मर्यादा वाढवून वा स्वतःचे भांडवल घालून, मोठी ऑर्डर स्वीकारण्यापूर्वीच करावी लागते.