७ सप्टेंबर आला कुठून

सोमवार, १६ जून २०२५

कालपासून डोक्यात एकच तारीख बसलीये, ७ सप्टेंबर. दादाने विचारलं तुझा एक्सेल-एसक्यूएलचा ऑनलाइन कोर्स कुठवर आलाय, तर मी सगळं टाइप करत बसण्यापेक्षा डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. `64 / 148 lessons`, त्याखाली ४३ टक्क्यांचं गोल, आणि बाजूला आठवड्याचा पेस ७. दोन मिनिटांत दादाचा रिप्लाय आला, १४८ मधून ६४ गेले, ८४ उरले, भागिले ७ म्हणजे बारा आठवडे, ७ सप्टेंबरला तुझा कोर्स संपतोय. खाली काकूंच्या टाळ्या, वहिनीचं हार्ट, आणि आईचं "म्हणजे गणपती झाले की अर्ज करायला मोकळी". अनंत चतुर्दशी ६ तारखेला आहे. दुसऱ्या दिवशी मी मोकळी.

दादाचं गणित बरोबर आहे, म्हणूनच त्रास होतोय. चुकलेलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. रात्रभर असं वाटत राहिलं की कुणीतरी माझ्या नावाने शब्द देऊन टाकलाय आणि तो पाळायचा मला आहे. ७ सप्टेंबरला झालं नाही तर सगळे म्हणणार, अगं पण तूच तर स्क्रीनशॉट टाकला होतास. कुणी तोंडावर म्हणणार नाही. आई तर नाहीच म्हणणार, ती फक्त विचारायचं बंद करेल, आणि ते... असो.

त्या स्क्रीनशॉटमध्ये मला सगळ्यात जास्त टोचला तो शेवटचा बार. गेल्या चार आठवड्यांचे बार दिसतात तिथे, ५, १३, ६ आणि ४. चौघांची बेरीज २८, म्हणून पेस ७. पण शेवटचा बुटका ४ बघून बघणाऱ्याला वाटणार की ही आता ढेपाळली. मलाच वाटलं. तो आठवडा मी रोज रात्री बसले होते, झोप येत असताना बसले होते, आणि त्याचं चित्र काय, तर सगळ्यात छोटा बार. रडू आलं खरंच.

आजपासून ओवीची शाळा सुरू झाली, दुपारी घर शांत होतं, तर मी कोर्सची अख्खी यादी उघडून बसले. प्रत्येक सेक्शनच्या नावापुढे त्याचा एकूण वेळ दिलेला असतो, त्यामुळे एकेक लेसन मोजावा लागत नाही, सेक्शनची बेरीज केली की झालं. अख्खा कोर्स ३७ तासांचा आहे, म्हणजे २२२० मिनिटं. माझे झालेले ६४ लेसन मिळून फक्त ६४० मिनिटांचे. म्हणजे लेसन मोजले तर ४३ टक्के झालंय आणि वेळ मोजला तर २९ टक्के. झालेला लेसन सरासरी दहा मिनिटांचा, उरलेला सरासरी एकोणीस मिनिटांचा.

हे असं का, ते यादी बघितली की लगेच कळतं. सुरुवातीला एक्सेल आहे, तिथे सेल मर्ज कसे करायचे याला तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि एक टिक. फिल्टर कसा लावायचा, चार मिनिटं, एक टिक. एका पानाची पीडीएफ उघडली तरी एक टिक. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, सुरू होतं आणि दोन टेबलं जोडायच्या लेफ्ट जॉइनचा एकच लेसन २४ मिनिटांचा, त्यालाही टिक एकच. पुढे विंडो फंक्शन ३१ मिनिटांचं, टिक एकच. डॅशबोर्ड फक्त टिक मोजतो. गडाच्या पायऱ्या मोजून किती चढायचं राहिलं ते सांगावं तसं आहे हे, वरच्या पायऱ्या दुप्पट उंच आहेत हे त्या आकड्यात येतच नाही.

आणि मग मी ते चार बार मिनिटांत करून बघितले. हे मला कालच कुणी दाखवायला हवं होतं. ५ लेसनचा आठवडा ६० मिनिटांचा. १३ वाला, ओवी आजीकडे होती तो, ८५ मिनिटांचा, कारण ते सगळे एक्सेलच्या शेवटचे छोटे छोटे लेसन होते. ६ वाला ७५ मिनिटं. आणि तो बुटका ४ वाला ६० मिनिटं, म्हणजे पहिल्या आठवड्याइतकाच. लेसनमध्ये बघितलं तर ४ ते १३ एवढी उडी, तिपटीहून जास्त, आणि मिनिटांत बघितलं तर ६० ते ८५. मी ढेपाळले नव्हतेच. लेसन लांब झाले होते.

त्या आठवड्यातल्या दोन रात्री तर एकाच जॉइनवर गेल्या. ऑर्डरचं टेबल आणि पेमेंटचं टेबल जोडायचं होतं, ऑर्डर हजार, आणि जोडल्यावर ओळी आल्या १२४०. मी कंडिशन परत परत तपासतेय, आणि कंडिशन बरोबरच होती. काही ऑर्डरचे पैसे दोन-तीन हप्त्यांत आलेले होते, त्यामुळे ती ऑर्डर प्रत्येक हप्त्यागणिक परत येत होती, आणि त्यावर बेरीज केली असती तर विक्री फुगून दिसली असती. हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं की ओवीला उठवून सांगावंसं वाटलं. डॅशबोर्डवर ते शून्य दिसतं. तो व्हिडिओ आधीच बघून झालेला होता.

तर मग खरी तारीख कुठली. उरले १५८० मिनिटं. चार आठवड्यांची बेरीज २८० मिनिटं, म्हणजे आठवड्याला ७०. भागल्यावर साधारण साडेबावीस आठवडे येतात. बाराच्या जवळपास दुप्पट. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी लॅपटॉप मिटून उठले, कुकर लावला, परत आले. कारण तेवढ्यावर भागत नाही. गणपतीचा एक आठवडा आणि दिवाळीचा एक आठवडा आमच्या घरात कुणी लॅपटॉप उघडू देणार नाही आणि मला उघडायचाही नाही. शिवाय शेवटी प्रोजेक्ट आहे. तो यादीत एक लेसन म्हणून दिसतो, १२ मिनिटांचा, पण ती १२ मिनिटं फक्त काय करायचं हे समजावणारी आहेत, खाली सरांनीच लिहिलंय की दोन आठवडे हातात ठेवा. म्हणजे अजून चार आठवडे. कालच्या रविवारपासून मोजलं तर १८ डिसेंबर येते.

पण १८ डिसेंबर ही तरी एकच तारीख, तिच्यातही ७ सप्टेंबरचाच दोष आहे. म्हणून दोन्ही टोकं काढली. सगळे आठवडे त्या ८५ सारखे गेले तर २० नोव्हेंबर. सगळे ६० सारखे गेले तर १३ जानेवारी. आणि कोर्सचा ऍक्सेस ३१ डिसेंबरला संपतो. हे दादाला माहीत नाही, ते स्क्रीनशॉटमध्ये कुठेच नव्हतं. मला माहीत होतं, पण असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. ऍक्सेस वाढवायला घरात पुन्हा पैसे मागायचे म्हणजे पुन्हा तो विषय, आणि तो मला काढायचा नाही.

थोडा वेळ खूप वाईट वाटलं. बाकीच्यांना काय, एक भागाकार करायचा आणि टाळ्या द्यायच्या. पण मग मी तेच गणित उलटं केलं, आणि उलटं केल्यावर जरा श्वास घेता आला. ३१ डिसेंबरपर्यंत २८ आठवडे आहेत आणि वर तीन दिवस. सणांचे दोन आणि प्रोजेक्टचे दोन बाजूला ठेवले तर उरतात साधारण साडेचोवीस. १५८० भागिले तेवढे, आठवड्याला ६५ मिनिटं. म्हणजे माझ्या सगळ्यात कमी आठवड्यापेक्षा पाचच मिनिटं जास्त. आणि ज्या दोन आठवड्यांत एसक्यूएल सुरू झालं होतं, ते ७५ आणि ६०, म्हणजे अवघड भागातलीही सरासरी साडेसदुसष्ट आहे. ओढून ताणून आहे, पण बसतंय. ७ सप्टेंबर गाठायचं असतं तर मला आठवड्याला १३२ मिनिटं लागली असती, तीही गणपतीच्या आठवड्यासकट. तेवढं माझ्या घरात होत नाही, हे मी आता शांतपणे म्हणू शकते.

एक मात्र आहे, हे चारही आठवडे सुट्टीतले. सकाळचा डबा नव्हता, ओवीचा अभ्यास नव्हता, पण दिवसभर घरात माणसं होती. आता सकाळ जाणार आणि दुपार मिळणार. त्याने ६५ सोपं होईल की अवघड, हे जुन्या बारांवरून नाही सांगता येणार. शाळेचे चार आठवडे १३ जुलैला पूर्ण होतात, तो रविवारच आहे. बेरीज रविवारीच करायची, कारण मधल्या वारी बघितलं तर चालू आठवड्याचा अर्धवट बारही सरासरीत येतो आणि पेस उगाच खाली दिसतो.

दादाला संध्याकाळी लिहिलं. सप्टेंबर नाही रे, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरअखेर धर, लेसन मोजू नकोस, पुढचे लेसन दुप्पट लांब आहेत. सोबत सेक्शनच्या वेळांचा स्क्रीनशॉट टाकला. त्याने बघितला, आणि थोड्या वेळाने विचारलं, मग दर आठवड्याला किती मिनिटं लागतील तुला? मी ६५ सांगितलं. आईने लगेच लिहिलं, दुपारी दोन ते तीन मी फोन नाही करणार.