आईच्या फोनमधली सहाशे चाळीस गाणी

‘ॲप काढून टाका आणि पुन्हा घ्या’ हे वाक्य मला त्या रविवारी तीन वेगवेगळ्या ग्राहक प्रतिनिधींनी लिहून पाठवले आणि तिसऱ्या वेळी मी ते ऐकले. ते ऐकले नसते, तर आईची गाणी अर्ध्या तासात परत सुरू झाली असती. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आई गिरगावात चाळीतल्या खोलीत एकटी राहते आणि मी मुलुंडला. तिच्याकडे बोलण्यासाठी बटणांचा साधा फोन आहे. माझा जुना स्मार्टफोन मी तिला केवळ गाणी ऐकण्यासाठी दिला असून त्यात सिमकार्ड नाही. तिच्या खोलीत वायफायही नाही. त्यामुळे फेब्रुवारीत मी माझ्याच खात्यातून त्या फोनवर सहाशे चाळीस गाणी डाउनलोड करून ठेवली. त्यांत अभंग, नाट्यगीते आणि आकाशवाणीच्या काळातली भावगीते होती. साधारण पाच मिनिटांचे गाणे १६० केबीपीएस दर्जाने उतरवले की सुमारे सहा एमबी जागा लागते, म्हणजे एकूण पावणेचार जीबीच्या आसपास भरणा झाला. आई दर पंधरवड्याला दोन दिवस आमच्याकडे येत असे, फोन आपोआप घरच्या वायफायला जोडला जात असे आणि काही बिघडत नसे. मार्चमध्ये मुलाची परीक्षा असल्याने तिचे येणे थांबले. २ मार्चनंतर त्या फोनने इंटरनेट पाहिलेच नाही.

त्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या फोनवर वेगळाच प्रकार घडला. माझ्या डेबिट कार्डाची मुदत संपून नवे कार्ड आले होते, पण गाण्यांच्या ॲपला दिलेली दरमहा पैसे कापून घेण्याची परवानगी जुन्या कार्डावरच होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना या वेळी आली नव्हती, आणि ती न येणे हाच खरा इशारा होता हे मला नंतर उमगले. पैसे मिळवण्याचे काही प्रयत्न फसल्यावर २७ मार्चला वर्गणी बंद झाली. यादीत गाण्यांची नावे तशीच होती, पण डाउनलोडची खूण नाहीशी झाली होती आणि मध्येच जाहिराती वाजू लागल्या होत्या. मी यूपीआय ऑटोपेवरून त्याच दिवशी पैसे भरले, रात्री माझी गाणी पुन्हा उतरवून घेतली आणि विषय संपला असे समजले.

१ एप्रिलला सकाळी आईचा फोन आला. “अगं, गाणी दिसतात पण लागत नाहीत. एप्रिल फूल करते आहेस का?” मी म्हणाले, “आई, मी पैसे भरलेत, आता काही अडचण यायला नको.” इथे माझी समजूत चुकली होती, आणि ती नेमकी कशी चुकली ते सांगणे आवश्यक आहे.

डाउनलोड केलेले गाणे म्हणजे फोनमध्ये उतरलेली नुसती ध्वनीची फाइल नव्हे. ती फाइल कुलूपबंद असते आणि ती उघडणारी किल्ली, म्हणजे परवाना, ॲप वेगळा सांभाळून ठेवते. या परवान्यावर मुदत असते. बहुतेक सेवांमध्ये ती सुमारे तीस दिवसांची असते आणि स्पॉटिफायही प्रत्येक फोन ३० दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन आणण्यास सांगते. फोन इंटरनेटला जोडला गेला की ॲप कंपनीच्या सर्व्हरला ‘या खात्याची वर्गणी चालू आहे का’ असे विचारते, उत्तर होकारार्थी आले की मुदत पुढे ढकलते आणि फोन ऑफलाइन असताना कोणती गाणी किती वेळा वाजली त्याची नोंदही पाठवते. गाण्यांच्या हक्कदारांना द्यायचा मोबदला अशा नोंदींवर ठरतो, म्हणून वर्षभर बेपत्ता राहणारा फोन कंपनीला परवडत नाही.

म्हणजे माझी वर्गणी २७ मार्चला तुटली हे आईच्या फोनला कधी कळलेच नाही. तो आपल्या जुन्या परवान्यावर निवांत वाजत राहिला आणि २ मार्चपासून तीस दिवस भरताच, म्हणजे १ एप्रिलला, गप्प झाला. मी पैसे भरले होते हेही त्याला कळलेले नव्हते. वर्गणी खात्याची असते, परवाना मात्र एकेका फोनचा असतो. एका फोनवर पैसे भरल्याने दुसऱ्या फोनवरची मुदत वाढत नाही. तो दुसरा फोन स्वतः ऑनलाइन यावा लागतो.

हे कळायला मला सहा दिवस लागले. ६ एप्रिलच्या रविवारी मी दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरले, घरी पोहोचताच माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला आणि आईचा फोन त्याला जोडला. दोन मिनिटांत काम होईल अशी माझी खात्री होती. वायफायची खूण आली, पण ॲप मात्र ‘तुम्ही ऑफलाइन आहात’ हेच सांगत राहिले. मी हॉटस्पॉट बंद करून चालू केला, फोन दोनदा रीस्टार्ट केला, खिडकीत जाऊन उभी राहिले. चाळीतल्या भिंती जाड आहेत, म्हणून मी दोष रेंजला दिला. त्या गडबडीत माझ्या स्वतःच्या फोनवर त्याच हॉटस्पॉटचे इंटरनेट व्यवस्थित चालत आहे, ही साधी गोष्ट मी लक्षात घेतली नाही.

मग ग्राहक सेवेशी चॅट सुरू झाला. पहिल्या प्रतिनिधीने खात्याचा ईमेल विचारला, वर्गणी चालू असल्याचे सांगितले आणि ॲप काढून पुन्हा घेण्याचा सल्ला दिला. मी नकार दिला, तेव्हा चॅट दुसऱ्याकडे गेला आणि तोच सल्ला त्याच शब्दांत आला. एकानेही फोन शेवटचा कधी ऑनलाइन होता, हे विचारले नाही. पाऊण तास गेल्यावर, आई स्वयंपाकघरातून “जेवायला ये, वरण निवतंय” असे तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी चिडून ॲप काढले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, जी मला त्या वेळी माहीत असायला हवी होती. गाणी वाजेनाशी झाली की आधी सेटिंग्जमध्ये ॲपने किती जागा व्यापली आहे ते पाहावे. आकडा तीन-चार जीबीच दिसत असेल, तर फाइली जागेवर आहेत आणि संपला आहे तो फक्त परवाना, जो ऑनलाइन आल्यावर काही मिनिटांत नवा होतो. आकडा शे-दोनशे एमबीवर आला असेल, तरच गाणी खरोखर पुसली गेली आहेत. आईच्या फोनमध्ये मी ॲप काढण्यापूर्वी सगळे पावणेचार जीबी शाबूत होते. ते माझ्या बोटाने गेले.

ॲप काढले आणि ते परत घ्यायला गेले, तर प्ले स्टोअरही उघडेना. आता तर साधी यादीही दिसत नव्हती. शेवटी मी त्या फोनवर ब्राउझर उघडून एक वृत्तपत्राचे पान टाकले, तेव्हा पडद्यावर इशारा आला: Your clock is behind. मी फोनच्या कोपऱ्यात पाहिले. तिथे १३ मार्च होता आणि समोर भिंतीवर कालनिर्णयचे एप्रिलचे पान.

आईला विचारले तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा गुरुवारी आला होता. “काकू, मुदत संपली असेल, तारीख मागे नेतो म्हणजे लागतील गाणी,” असे म्हणून त्याने आपोआप वेळ घेण्याची सोय बंद केली आणि तारीख १० मार्च केली. गाणी लागली नाहीत, मुलगा क्लासला गेला आणि तारीख तशीच राहिली. ही युक्ती सहसा चालत नाही, कारण ॲपने सर्व्हरकडून मिळालेली शेवटची वेळ आणि स्वतः शेवटचे चालले ती वेळ नोंदवून ठेवलेली असते. घड्याळ त्याहून मागे दिसले, की ते परवाना मान्य करत नाही. एवढेच असते तरी चालले असते. पण मागे नेलेल्या घड्याळाने दुसरे नुकसान केले. फोन कोणत्याही सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडला जाताना त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो, आणि प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. ही प्रमाणपत्रे वारंवार नवी काढली जातात. मार्चअखेरीस काढलेले प्रमाणपत्र १३ मार्चला जगणाऱ्या फोनला भविष्यातले वाटते आणि तो संपर्क तोडतो. वायफायची खूण असूनही ‘ऑफलाइन’ दिसते ते यामुळे. 

सेटिंग्जमध्ये Set time automatically चालू केले, तारीख ६ एप्रिल झाली आणि प्ले स्टोअर लगेच उघडले. त्या क्षणी सुटकेपेक्षा संताप अधिक झाला, कारण ॲप काढले नसते तर तेवढ्यावर काम झाले असते. माझ्या हॉटस्पॉटचा दिवसाचा कोटा दीड जीबीचा, म्हणून पावणेचार जीबी तिथे उतरणे शक्य नव्हते. आईने तिची आवडती वीस नाट्यगीते निवडली, तेवढी त्या दुपारी भरली आणि उरलेल्यांसाठी फोन मुलुंडला नेऊन पुढच्या रविवारी परत आणला.

आठवले म्हणून सांगते: केवळ वायफायला जोडणे पुरत नाही. ॲप उघडून, त्याच खात्यात आहोत याची खात्री करून, ते पाच-दहा मिनिटे समोर चालू ठेवावे आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून दोन-तीन गाणी वाजवून पाहावीत. कुलूपबंद फाइली मेमरी कार्डवर नेऊन दुसऱ्या प्लेयरमध्ये वाजवण्याचा नादही करू नये. त्या तिथे उघडत नाहीत. आईकडच्या जुन्या सीडींवरची गाणी मात्र मी एमपीथ्री करून त्याच फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवली आहेत. त्यांना ना वर्गणी लागते ना परवाना.

आता आई दर पंचविसाव्या दिवशी कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने ‘गाणी’ असे लिहिते आणि त्या दिवशी मी गेले नाही, तर संध्याकाळी साध्या फोनवरून मला फोन करते. शेजारच्या मुलालाही तिने बजावले आहे, “घड्याळाला हात लावायचा नाही.”