दुकान वडिलांचं, रिटर्नं दोघांची

म्हापशातल्या एका भुसारी दुकानदाराचा मुलगा ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्याकडे आला. दुकानामागचा गाळा विकत घ्यायला कर्ज हवं होतं आणि बँकेने वडिलांची तीन वर्षांची आयकर रिटर्नं मागितली होती. त्याने आयकराच्या पोर्टलवर वडिलांच्या पॅनने खातं उघडलं, तर भरलेल्या रिटर्नांची यादी रिकामी! वडील म्हणाले, "दर तीन म्हयन्यांनी भरतां न्हय रे!" ते खोटं बोलत नव्हते. ते जीएसटीबद्दल बोलत होते.

दुकान कंपोझिशन योजनेत आहे. दर तिमाहीला विक्रीवर एक टक्का कर भरायचा आणि वर्षाला जीएसटीआर-४ हे एक रिटर्न द्यायचं, एवढंच जीएसटीचं काम. हिशेबनीस ते वेळेवर करत होता आणि त्याची फीही घेत होता. आयकर हे त्याचं काम नव्हतं, आणि ते कोणाचंच काम नाही हे त्याने कधी सांगितलं नाही. असे हिशेबनीस आमच्याकडे भरपूर आहेत. ते फसवत नाहीत, फक्त विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

अशा वेळी लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'डिपार्टमेंटला कळलंय का?' त्याचं उत्तर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहितीपत्रकात असतं. तिथे जीएसटीत दाखवलेली उलाढाल येते. करंट खात्यात वर्षभरात ५० लाखांवर रोकड भरली असेल तर बँक कळवते, ती नोंदही येते. ठेवीवरचं व्याजही येतं. मुलाच्या वडिलांच्या एआयएसमध्ये तिन्ही होतं. आकडे डिपार्टमेंटकडे पडूनच होते, नव्हतं ते रिटर्न. म्हणून मी सुरुवात दुकानाच्या वहीपासून करत नाही. एआयएस, जीएसटीआर-४ आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवायचं आणि पाहायचं, की खात्यात आलेले पैसे दाखवलेल्या विक्रीपेक्षा जास्त तर नाहीत ना. जास्त असतील तर आयकराबरोबर जीएसटीचंही दुखणं निघतं. इथे २०२२-२३ या आर्थिक वर्षात विक्री १ कोटी ४० लाख होती. बँकेत रोकड ९२ लाख आणि यूपीआयने ४० लाख आले होते. उरलेली रोकड गल्ल्यातूनच मालाला गेली होती. जुळत होतं.

नफा कलम ४४एडीप्रमाणे अंदाजे धरायचा. यूपीआयच्या ४० लाखांवर सहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, उरलेल्या एक कोटीवर आठ टक्के म्हणजे ८ लाख. ठेवीचं व्याज ३० हजार. एकूण १० लाख ७० हजार. ८०सी खाली दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

गोव्याबाहेरचा सल्लागार इथून सरळ कर काढायला बसला असता. मी मुलाला आधी आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला आणायला सांगितलं. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली लग्न झालेल्या जोडप्याची मिळकत सामायिक असते, आणि आयकर कायद्याचं कलम ५ए हे मान्य करतं. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं आणि प्रत्येकाने आपल्या निम्म्यावर वेगळा कर भरायचा असतो. दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर आहे याला इथे महत्त्व नाही. मात्र दाखला पाहावाच लागतो. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार नोंदवलेला असेल तर कलम ५ए लागत नाही. पोटापाण्यासाठी गोव्यात येऊन राहिलेल्या घाटावरच्या कुटुंबालाही ते केवळ इथे राहतात म्हणून लागत नाही. हे कुटुंब बार्देशातलंच, लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेलं, करार नाही. म्हणजे चुकलेली रिटर्नं वडिलांची एकट्याची नव्हती. आईचीही होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

प्रत्येकी ५ लाख ३५ हजार उत्पन्न. जुन्या दरांनी त्यावर सेससह कर २०,२८० रुपये. मुदत गेल्यामुळे उशिराचं साधं रिटर्न आता भरता येत नव्हतं, अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, एवढाच मार्ग होता. रिटर्न न भरल्याचं आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज महिन्याला एकेक टक्का, दोन्ही एकाच वेळी चालतात. ते ऑगस्टपर्यंत ६,२६२ झालं. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर, म्हणजे ६,६३६. त्यावर विलंब शुल्क ५,०००, त्याच्यावर मात्र जादा कर लागत नाही. प्रत्येकी साधारण ३८,१८०, दोघांचे मिळून ७६ हजारांच्या आसपास. हेच सगळं उत्पन्न वडिलांच्या एकट्याच्या नावावर दाखवलं असतं तर ३० टक्क्यांचा टप्पा लागून, व्याज आणि जादा कर धरून, आकडा २ लाख ३२ हजारांवर गेला असता. मुलगा ज्या पहिल्या सल्लागाराकडे गेला होता त्याने नेमका तोच आकडा काढून दिला होता. गोव्यात बसून कलम ५ए न पाहणाऱ्याला काय म्हणावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

याच्या उलटी चूकही होते. काही जण विक्रीच निम्मी करतात, ७० लाख नवऱ्याची, ७० लाख बायकोची. ते चुकीचं आहे. विक्री वडिलांची पूर्ण १ कोटी ४० लाखच दाखवायची, म्हणजे ती एआयएसशी जुळते. नफा काढून झाला की मगच त्यातला निम्मा रिटर्नातल्या शेड्यूल ५ए या तक्त्यात पत्नीच्या नाव-पॅनसह तिच्याकडे न्यायचा. आईला आयटीआर-२ हा फॉर्म चालत नाही, कारण त्यातल्या शेड्यूल ५ए मध्ये धंद्याच्या उत्पन्नाची ओळच नाही. दोघांनाही आयटीआर-३ लागतं. "म्हणजे तिलाही दुकानदार केलंत?" वडिलांनी विचारलं. कायद्याने ती लग्न झाल्यापासूनच निम्म्याची धनीण होती. आणि दोन्ही रिटर्नं बरोबरच जायला हवीत. वडिलांनी निम्मं कमी करून भरलं आणि आईचं राहिलं, तर उरलेलं निम्मं उत्पन्न कुठेच दिसत नाही, आणि नोटीस तिथूनच येते.

खरा वेळ गेला तो आईच्या पॅनमध्ये. पॅन होतं, पण आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेलं. १,००० रुपये भरून जोडणी केली, तरी ते पुन्हा चालू व्हायला महिनाभर लागू शकतो. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला होता, त्यामुळे पडताळणीचा ओटीपी येईना. आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घेतला. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते भरलंच नाही असं धरतात. म्हणून चलन फाडण्याआधी ओटीपी येतो का ते मी तपासून घेतो. चलनही दर वर्षाचं वेगळं आणि दर पॅनचं वेगळं. आईचा कर वडिलांच्या पॅनवर भरला तर तो आईच्या रिटर्नला दिसत नाही. या सगळ्याला जेवढा वेळ लागेल तेवढं महिन्याचं व्याज चढत राहतं. त्यामुळे आकडा महिना संपायच्या आत काढून त्याच महिन्यात भरायचा.

२०२१-२२ चं रिटर्नही असंच गेलं, फक्त जादा कर २५ ऐवजी ५० टक्के. २०२३-२४ चं मात्र डिसेंबरअखेरपर्यंत साधं उशिराचं रिटर्न म्हणून भरता येत होतं. त्या वर्षापासून नवी कररचना आपोआप लागू झाली, तिच्यात तेव्हा सात लाखांपर्यंत कर शून्य होत होता. दोघांचं निम्मं-निम्मं उत्पन्न त्याच्या आतच होतं, त्यामुळे प्रत्येकी फक्त ५,००० विलंब शुल्क गेलं. बँकेला तीन वर्षांची रिटर्नं मिळाली, पण ती सगळी एका हंगामात भरलेली. बँकेतला माणूस तारखा पाहून नाक मुरडतोच. त्याने जीएसटीचे तिमाही आकडे मागवून घेतले, मगच फाइल पुढे गेली.

मी अजून घोळवतोय ते प्रकरण आहे २०२०-२१ चं. लॉकडाउनचं वर्ष, भुसारी दुकानं उघडी होती, विक्री १ कोटी ३८ लाख. त्या वेळी अद्ययावत रिटर्नाची मुदत असेसमेंट इयर, म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष, संपल्यापासून २४ महिन्यांची होती, म्हणजे ते वर्ष मार्च २०२४ मध्येच हातचं गेलं होतं. १ एप्रिल २०२५ पासून ही मुदत ४८ महिन्यांची झाली आणि ते दार पुन्हा उघडलं, पण ७० टक्के जादा कराने. डिसेंबर २०२५ मध्ये हिशेब केला तेव्हा प्रत्येकी कर १९,६५६ होता आणि व्याज त्याहून जास्त, २०,७७६. जादा कर आणि शुल्क धरून प्रत्येकी सुमारे ७३,७००.

दुसऱ्या बाजूला, दडलेलं उत्पन्न ५० लाखांपेक्षा कमी असेल तर डिपार्टमेंटला असेसमेंट इयर संपल्यावर तीन वर्षांनंतर कारणे दाखवा नोटीस काढता येत नाही. त्या वर्षाची ती मुदत मार्च २०२५ मध्येच संपली होती. दुकानाचं खरं उत्पन्न होतं १० लाख ६४ हजार. मग कोणी विचारू शकत नाही त्या वर्षाचे दीड लाख का भरायचे? मुलाने हे विचारलं तेव्हा मी त्याला बँकेच्या स्टेटमेंटकडे बोट दाखवलं. रिटर्न नसलं की अधिकारी नफा पाहत नाही, खात्यात भरलेली रोकड पाहतो. ती रोकड ५० लाखांहून कितीतरी जास्त होती. तीच 'दडलेलं उत्पन्न' धरली तर मुदत तीन वर्षांवरून पाचवर जाते, आणि अस्पष्टीकृत पैसा ठरवला तर दर ६० टक्के, वर अधिभार. अपिलात ते टिकत नाही, पण अपील होईपर्यंत धंद्याचं खातं गोठलेलं असू शकतं. मुलाने रिटर्न भरायचं ठरवलं. वडिलांना ते पटलं नव्हतं, आणि त्यांची बाजूही चुकीची होती असं मला म्हणवत नाही.

त्याच्या आधीचं, २०१९-२० चं वर्ष मात्र ४८ महिन्यांतही बसत नाही. त्यात रोकड तशीच मोठी आहे, म्हणजे ५० लाखांच्या हिशेबाने मार्च २०२६ पर्यंत डिपार्टमेंट विचारू शकतं आणि यांना रिटर्न भरता येत नाही. त्या वर्षाचं जीएसटीआर-४, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ठोक व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं आणि कलम ५ए साठी लग्नाचा दाखला अशी एक फाइल लावून मुलाकडे दिली आहे, नोटीस आलीच तर उत्तर त्यातूनच द्यायचं.